नुसती जाहिरात आली, तर?

नायगावहून एखादा भाचा व्हॉट्सअ‍ॅपवर नोकरीची जाहिरात पाठवतो. खाली एक शब्द नाही. मामानं काय समजायचं? बायोडाटा बघून द्यायचा, मुलाखतीची तयारी करून घ्यायची, की अटी समजावून सांगायच्या?

बऱ्याचदा उत्तर जाहिरातीतच असतं. आधी निवड पद्धत वाचा. समजा, 2023सारखी तलाठी भरती आहे. 100 प्रश्न, 200 गुण, मुलाखत नाही. बायोडाटाही कुणी मागत नाही. म्हणजे अटींचा सारांशच कामाचा: पदवी, वयोमर्यादा, आरक्षण घेणार असाल तर जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर. पोरं अडकतात ती या शेवटच्या कागदावर. दाखला असतो, पण मुदत संपलेली. म्हणून ‘पात्र आहेस’ म्हणण्याआधी त्यावरची तारीख बघा.

नांदेडच्या एखाद्या दुकानाला हिशोबनीस हवा असेल, तर गोष्ट वेगळी. टॅली आणि जीएसटीचं काम मागितलंय आणि अर्जाला चार दिवस आहेत, तर आधी बायोडाटा. ते काम केलेलं असेल, तर पहिल्या पाच ओळींत दिसलं पाहिजे. ‘थेट मुलाखत, मूळ कागदपत्रांसह’ असं असेल, तर फाईल लावा आणि प्रश्नांची तयारी करून घ्या. अर्जाची तारीख उलटून गेली असेल, तर बहुधा भाच्याला बोलावणं आलेलं असतं, म्हणून तेव्हाही मुलाखतीचीच तयारी.

तरीही उलगडा होत नसेल, तर पद, पात्रता, शेवटची तारीख आणि निवड पद्धत अशा चार ओळी लिहून पाठवा. आणि एवढंच विचारा, “अर्ज भरलास का रे?”