पार्वती कुठं गेली?



मी सिन्नर तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलाने तालुका पातळीवरच्या इंग्रजी निबंधवाचनात भाग घेतला होता. निबंध स्वतः लिहायचा आणि व्यासपीठावर उभं राहून चार मिनिटांत पाठ म्हणायचा, असा नियम होता. त्याची तयारी त्याच्याकडून कुणी आणि कशी करून घेतली, ते आज सांगणार आहे.

त्याची आई विड्या वळायची. आमच्या भागात हे काम घरोघर चालतं. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. आपल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे जिथे इंग्रजी सुरू व्हायचं, त्याच्या उंबऱ्यावरच तिची शाळा सुटली. मराठी ती बोट ठेवून वाचत असे. इंग्रजीचं एक अक्षर तिला ओळखता येत नव्हतं.

निबंधाचा विषय होता आमच्या गावचं गोंदेश्वराचं देऊळ. सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी, आणि हे देऊळ त्यांच्याच काळातलं, बाराव्या शतकाच्या सुमाराचं. देऊळ पंचायतन आहे. मधे महादेवाचं मोठं मंदिर आणि भोवती चार लहान मंदिरं: सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती. मुलाने निबंध लिहिला, मी तपासला, इकडेतिकडे थोडा सुधारला आणि म्हटलं, आता रोज मोठ्याने म्हणून बघ.

तो म्हणायचा घरी, संध्याकाळी, ओसरीवर. मी एकदा त्याच्या घरी गेले तेव्हा जे पाहिलं ते माझ्या डोळ्यांपुढे तसंच आहे. आईच्या मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पान हातात घ्यायचं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, बोटांच्या टोकांनी वळायचं, तोंड मोडायचं, दोरा बांधायचा. सराईत हाताला एका विडीला साधारण अर्धा मिनिट लागतो. हे सगळं ती न बघता करत होती. नजर मुलाकडे आणि कान त्याच्या शब्दांकडे.

निबंध संपला तशी ती म्हणाली, "पाच विड्या झाल्या. लई पळतोस."

मी घड्याळ पाहिलं होतं. अडीच मिनिटं झाली होती. चार मिनिटांचा निबंध त्याने अडीच मिनिटांत उरकला होता. पाठ केलेलं म्हणताना मुलांचं असंच होतं. पुढचं विसरेन या भीतीने ती धावत सुटतात. तिने त्याला सांगून ठेवलं होतं की आठ विड्या व्हायला हव्यात. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण सारखं घड्याळाकडे बघणाऱ्या मुलाला निबंध कसा आठवणार? हातातल्या कामाचं माप तिच्यापुरतं तंतोतंत होतं.

मग तिने विचारलं, "पार्वती कुठं गेली?"

मुलगा गोंधळला. मीही गोंधळले, कारण माझ्या लक्षातच आलं नव्हतं. भोवतीच्या चार मंदिरांच्या वाक्यात त्याने सूर्य, विष्णू, गणपती अशी तीनच नावं घेतली होती. घाईत पार्वती गळली होती. इंग्रजी जाणणारी मी वाक्याच्या ओघात वाहून गेले होते. तिला वाक्य कळत नव्हतं, म्हणून ओळखीची नावं ती मोजून घेत होती. महाशिवरात्रीला दरवर्षी ती देवळात जाते. सिन्नर, यादव, महादेव, नंदी, आणि मग चार देव. त्या अनोळखी भाषेत तेवढ्याच खुंट्या तिच्या ओळखीच्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर तिचा हात होता. ती त्याला म्हणाली, "जत्रेला आपण कसं फिरतो, त्या वाटेनं नावं घे. मग कुणी सुटायचं नाही." त्याने तसं केलं, आणि त्यानंतर पार्वती कधीच गळली नाही.

दुसरी गोष्ट तिने पकडली ती वाक्याच्या शेवटाची. "शेवटचं पोटात जातंय," ती म्हणाली. हे मी वर्गात शेकडो मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे. श्वास संपत आला की आवाज खाली येतो आणि वाक्याचा शेवटचा शब्द ऐकूच येत नाही. आपल्या मराठीत शेवटी बहुधा 'आहे', 'होतं', 'झालं' येतं. ते थोडं गिळलं तरी ऐकणाऱ्याला अर्थ लागतो. इंग्रजीत क्रियापद आधी येऊन जातं आणि सांगायची मुख्य गोष्ट पुष्कळदा शेवटी असते. देऊळ बांधलं, हे आधी आणि बाराव्या शतकात, हे शेवटी. ते शतकच पोटात गेलं तर वाक्यात उरलं काय? हा व्याकरणाचा भाग तिला कुणी सांगितलेला नव्हता. तिने त्याला ओसरीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि सांगितलं, की प्रत्येक वेळी थांबण्याआधीचा शब्द मला इथं ऐकू आला पाहिजे. तो ऐकू आला की ती मान हलवायची आणि मगच तो पुढे जायचा.

आता तिसरी गोष्ट. ही सांगताना मला आजही थोडं जड जातं.

मुलगा एका जागी हमखास अडखळायचा. रोज तीच जागा. तो अडखळला की तिचे हात थांबायचे आणि हात थांबले की तो आणखी अडखळायचा. चौथ्या दिवशी तिने त्याला विचारलं, "इथं काय म्हणतोस? मराठीत सांग बरं."

बाकीच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ तो तिला घडाघडा सांगू शकत होता. या वाक्याचा सांगता येईना. वाक्य होतं, 'इट इज अ सब्लाइम एपिटोम ऑफ आर्किटेक्चरल मॅग्निफिसन्स'. ती म्हणाली, "तुलाच ठाऊक नाही, तर जिभेला कसं ठाऊक असंल? कुणी लिहिलं हे?"

ते मी लिहिलं होतं. निबंध सुधारताना परीक्षकांवर छाप पडावी म्हणून मी ते घातलं होतं. मुलगा दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, आईनं याचा अर्थ विचारलाय." मी अर्थ सांगायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की तो सांगायला मला तीन वाक्यं लागत होती, आणि त्या तीन वाक्यांत गोंदेश्वराचं असं काहीच नव्हतं. ते वाक्य कुठल्याही देवळाला चाललं असतं.

मी त्याला विचारलं, "तुला त्या देवळाबद्दल काय सांगावंसं वाटतं?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बाई, तिथला दगड सकाळी गार असतो. दुपारी पाय भाजतात." आम्ही माझं वाक्य खोडलं आणि तिथे त्याचं लिहिलं. 'इन द मॉर्निंग द स्टोन इज कोल्ड. ॲट नून इट बर्न्स अवर फीट.' त्या जागी तो पुन्हा अडखळला नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट नेमाने पाळते. पाठ म्हणताना मूल एकाच जागी तीनदा अडलं, तर त्याच्या स्मरणशक्तीला बोल लावायचा नाही. आधी ते वाक्य त्याला आपल्या भाषेत सांगायला लावायचं. सांगता आलं तर सराव कमी पडतो आहे असं समजायचं. सांगता आलं नाही तर ते वाक्य त्याचं नाही, आणि ते बदलायचं.

पण श्रोतेहो, आईला जे जमत नव्हतं तेही सांगायला हवं. उच्चाराची चूक तिला कळणं शक्य नव्हतं. 'प्राचीन' या अर्थाचा शब्द तो 'अँशियंट' असा म्हणत होता. खरा उच्चार 'एन्शंट'च्या जवळचा आहे. मी ऐकेपर्यंत तो शब्द त्याने वीस-पंचवीस वेळा तसाच म्हटला होता. चुकीचा सरावही सरावच असतो. तो जिभेत तितकाच घट्ट बसतो. तो एक शब्द सुटायला आम्हाला तीन दिवस लागले. मुलगा आधीच माझ्यासमोर एकदा वाचून गेला असता, तर हे तीन दिवस वाचले असते. म्हणून आता मी क्रम असा ठेवते: पहिलं वाचन शाळेत, माझ्यासमोर. अवघड शब्दांचे उच्चार वहीत देवनागरीत लिहून घ्यायचे. त्यानंतरचा सगळा सराव घरी.

आणि घरी म्हणजे कुणीतरी ऐकणारं हवं. भिंतीसमोर किंवा आरशासमोर म्हणणारं मूल ओठ हलवतं आणि आपल्याला येतं असं समजतं. समोर माणूस असलं की ते त्याच्या तोंडाकडे बघतं, थांबतं, पुन्हा सांगतं. त्या मुलाने मला नंतर सांगितलं, की व्यासपीठावर त्याला परीक्षकांची भीती वाटली तेव्हा त्याने पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या हातांकडे पाहिलं. ते हात हलत नव्हते म्हणून तो आधी घाबरला. मग त्याला आठवलं, की त्या काही विड्या वळत नाहीयेत.

त्याला दुसरा क्रमांक मिळाला. निबंध चार मिनिटांना थोडा कमी भरला. आई ऐकायला येऊ शकली नाही. कारखान्यात विड्या जमा करायचा तो दिवस होता, आणि माल वेळेवर दिला नाही तर पुढची पानं आणि जर्दा मिळायला अडचण होते. संध्याकाळी घरी जाऊन त्याने तिच्यासमोर पुन्हा सगळा निबंध म्हटला. दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगितलं, "बाई, आठ झाल्या."

ऐकत असलेल्या आयांना माझी एवढीच विनंती आहे. इंग्रजी येत नाही म्हणून मुलाच्या अभ्यासातून उठून जाऊ नका. भाकरी थापत असाल, भाजी निवडत असाल, शेंगा फोडत असाल तर काम चालू ठेवा आणि त्याला समोर उभं करा. ओळखीची नावं मोजा. शेवटचा शब्द ऐकू येतो का बघा. जिथे तो अडेल तिथे हात थांबवा आणि विचारा, "ह्याचा अर्थ काय रं?" आणि त्याला सांगता आला नाही, तर त्याला त्याच्या बाईंकडे पाठवा.