परतीच्या तापाची चिठ्ठी

अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो अहवालात छापून तुमच्या हातात आहेच, म्हणून त्यातला वेळ मी दुसरीकडे वळवतो. मला एकाच मुद्द्यावर भांडायचं आहे आणि त्यासाठी बरीच वर्षं वाट पाहिली आहे. परदेशी निघालेल्या माणसाला आपण मलेरियाची गोळी लिहून देतो, पण परतल्यावर ताप आला तर काय करायचं, ते सांगत नाही.

गोळी कोणती, यावर आपल्या परिषदांत तासन् तास वाद होतात. खरं तर त्यातलं बरंचसं प्रदेशावरूनच ठरतं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला फाल्सिपेरमचं राज्य आहे आणि तिथे क्लोरोक्विनवर विसंबता येत नाही. उरतात मुख्यतः तीन पर्याय : रोजची डॉक्सिसायक्लिन, आठवड्याची मेफ्लोक्विन आणि रोजची अ‍ॅटोव्हाकोन-प्रोग्वानिल. थायलंड, कंबोडिया आणि म्यानमारच्या सीमाभागात मेफ्लोक्विन बाद. हैतीसारख्या मोजक्या ठिकाणी क्लोरोक्विन अजून चालते. फिट्स किंवा मानसिक आजाराचा इतिहास असेल तर मेफ्लोक्विन नको, गरोदर बाईला डॉक्सिसायक्लिन नको. हे सगळं अर्ध्या पानात मावतं. पण यातली एकही गोळी पूर्ण संरक्षण देत नाही, हे त्या अर्ध्या पानावर कुणी लिहीत नाही.

एक उदाहरण धरून चालू. नाशिकचा एक तंत्रज्ञ तीन आठवड्यांसाठी लागोसला जातो. निघण्याच्या आदल्या दिवसापासून तो १०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन रोज न चुकता घेतो. शेवटच्या रात्री त्याला डास चावतो. घरी आल्यावर दोन दिवसांत, प्रवास संपला म्हणून, तो गोळी बंद करतो. डॉक्सिसायक्लिनचा भरवशाचा मारा रक्तातल्या परजीवीवर असतो आणि हा परजीवी तर आधी आठवडाभर यकृतात वाढतो. तो रक्तात उतरतो तेव्हा तिथे औषध उरलेलं नसतं. म्हणूनच डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन परतल्यावरही चार आठवडे घ्यायच्या असतात. यकृतातल्या अवस्थेवरही काम करणारी अ‍ॅटोव्हाकोन-प्रोग्वानिल सात दिवसांत थांबवता येते. हे कारण न सांगता ‘चार आठवडे’ एवढंच लिहिलं, तर पेशंटला ती डॉक्टरांची नुसती जास्तीची काळजी वाटते.

बाराव्या दिवशी त्याला ताप भरतो. महिना जुलैचा, गल्लीत डेंग्यूची साथ. अंग दुखतंय, डोकं दुखतंय, प्लेटलेट सत्तर हजार. डॉक्टर डेंग्यूची तपासणी सांगतात, पॅरासिटामॉल देतात आणि दोन दिवसांनी बोलावतात. प्लेटलेट दोन्ही आजारांत घसरतात, त्यामुळे त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते रक्ताच्या स्मिअरवरून. फाल्सिपेरमला मूत्रपिंड किंवा मेंदू गाठायला तेवढे दोन दिवस पुरतात. त्यामुळे स्मिअर आणि रॅपिड टेस्ट त्याच दिवशी व्हायला हवी. पहिली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून पेशंटला सोडायचं नाही. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांमुळे परजीवी कमी दिसू शकतात. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने एकूण तीनदा बघावं.

काही जण म्हणतील, हे काम ताप पाहणाऱ्या डॉक्टरांचं, सल्ला देणाऱ्याचं नव्हे. पण प्रवासाची माहिती त्या डॉक्टरांपर्यंत पोचवणार कोण? पावसाळ्याच्या गर्दीत प्रत्येक तापकऱ्याला परदेशवारी विचारली जाईल, ही आशा मी कधीच सोडली आहे. पेशंटनेच पहिल्या वाक्यात ‘मी आफ्रिकेतून आलोय’ म्हटलं पाहिजे आणि ते त्याला आपणच शिकवायचं आहे. माणूस घाबरेल, असा दुसरा आक्षेप. ताप आल्याबरोबर काय करायचं हे ठाऊक असलेला माणूस घाबरून गोळ्या टाकून देतो, हे मला पटत नाही. उलट ‘मी गोळ्या घेतल्यात, म्हणजे हा मलेरिया नव्हेच’ ही खात्रीच त्याला घरी झोपवून ठेवते. आपल्याकडेही मलेरिया आहेच, मग वेगळं काय, असा तिसरा आक्षेप. वेगळं हे, की भारतात बऱ्याच भागांत फाल्सिपेरमसाठी आर्टेसुनेटबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन दिली जाते आणि पूर्व आफ्रिकेतला परजीवी या जोडगोळीला मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. तिथून आलेल्या पेशंटला आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन द्यावी आणि आजार गंभीर असेल तर शिरेतून आर्टेसुनेट. म्हणजे प्रवास कुठे झाला, यावर निदानाइतकेच उपचारही अवलंबून आहेत.

तेव्हा प्रिस्क्रिप्शनच्या मागे चार ओळी मराठीत छापाव्यात : कुठे गेला होता, कधी परतला, कोणती गोळी आणि कधीपर्यंत, आणि ‘वर्षभरात केव्हाही ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी’. फाल्सिपेरम बहुधा तीन महिन्यांच्या आत उगवतो. पण व्हायवॅक्स आणि ओव्हेल यकृतात दडून बसतात, त्यांना या तिन्ही गोळ्या हलवू शकत नाहीत, म्हणून वर्षाची मुदत. मसुदा करायला एक छोटी समिती नेमू. तपशील कार्यकारिणी ठरवेल. तोवर कोणती गोळी बरी, हा वाद खुशाल चालू ठेवा, पण चार ओळी लिहिल्याशिवाय पेशंटला केबिनबाहेर सोडू नका.