प्रगतीपत्रकातल्या तीन चौकटी

दिवाळीची सुटी संपली की पहिल्या सत्राचं प्रगतीपत्रक घरी येतं. बेलापुरात हे दिवस धांदलीचेच. उसाला तोड आलेली असते, टोळ्या उतरलेल्या असतात, प्रवराकाठच्या वाटांवर दिवसभर ट्रॅक्टर असतात. अशा गडबडीत पालक पत्रकावर नजर टाकतात, श्रेणी पाहतात, सही करतात आणि पत्रक परत दप्तरात जातं. खाली बाईंनी किंवा सरांनी दोन ओळी लिहिलेल्या असतात, त्या बहुतेक घरांत न वाचताच राहतात. श्रोतेहो, आजचं बोलणं त्या दोन ओळींबद्दल आहे.

राज्यात 2010 पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन चालतं. त्यातल्या वर्णनात्मक नोंदींना तीन चौकटी असतात : विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आणि सुधारणा आवश्यक. शिक्षकानं मुलाला ढ म्हणू नये, दुसऱ्याशी तुलना करू नये, जे लिहायचं ते होकारार्थी लिहावं, असा या पद्धतीचा रोख आहे. तो योग्यच आहे. पण त्यामुळे खरी काळजीसुद्धा मऊ शब्दांत उतरते. ‘वाचता येत नाही’ असं सहसा कुणी लिहीत नाही, ‘वाचनाचा सराव आवश्यक’ असं लिहितात. पालकांना वाटतं, सराव काय, सगळ्याच पोरांना लागतो.

समजा, चौथीतला एक मुलगा आहे. गणितात ब-2 श्रेणी, म्हणजे शंभरात 61 ते 70. घरचे खूश. आता पत्रकाच्या मागचा हिशेब बघू. चौथीला आकारिक मूल्यमापन 60 गुणांचं असतं. त्यात सत्रभराचं तोंडी काम, कृती, प्रकल्प, स्वाध्याय अशा गोष्टी येतात. उरलेले 40 संकलित मूल्यमापनाचे; त्यातले 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि 30 लेखी. या मुलाला आकारिकमध्ये 52 मिळाले, तोंडीत 9 आणि लेखीत फक्त 8. बेरीज 69. श्रेणी ब-2, आणि लेखी पेपरात तीसपैकी आठ! ही फोड पत्रकावर बहुधा नसते, शाळेच्या नोंदवहीत असते. मागितली की शिक्षक दाखवतात. पालक मागतच नाहीत.

आता त्याच मुलाच्या तीन चौकटी वाचू. विशेष प्रगती : ‘परिसर अभ्यासातील प्रश्नांची उत्तरे तोंडी छान सांगतो.’ आवड : ‘गोष्टी ऐकणे, चित्रे काढणे.’ सुधारणा आवश्यक : ‘वाचनाचा सराव आवश्यक. शाब्दिक उदाहरणांत मदत लागते.’

सुटी सुटी वाचली तर पहिल्या दोन नोंदी कौतुकाच्या आणि तिसरी किरकोळ. एकत्र वाचली की चित्र बदलतं. हा मुलगा सांगतो, ऐकतो, चित्र काढतो. वाचत तेवढा नाही. शिक्षकांनी कौतुकातसुद्धा ‘तोंडी’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. शाब्दिक उदाहरण अडतं ते गणितामुळे नसावं. उदाहरण वाचताच येत नसावं.

उसाचंच बघा. फडात एखादं बेट पिवळं पडलं तर शेतकरी धावत जाऊन युरिया टाकत नाही. पाणी साचलं असेल, लोह कमी पडलं असेल, नाहीतर हुमणी लागली असेल. पान तिन्ही वेळा पिवळंच दिसतं. म्हणून तो बेटाला हात घालून ओढून बघतो. सहज उपटून आलं, मुळं कुरतडलेली दिसली, तर हुमणी. मग आजूबाजूची बेटंही तो तपासतो. ‘सराव आवश्यक’ ही ओळ म्हणजे पिवळं पान. आणि पालक काय करतात? गणिताची शिकवणी लावतात. मूळ कुरतडलेलं असताना वरून युरिया! पोराला रोज तासभर जास्त बसवायचं आणि तो त्याच न वाचता येणाऱ्या उदाहरणापुढे बसतो. हे खरोखर थांबायला हवं.

ओढून बघणं घरीही जमतं. दुसरीचं मराठीचं पुस्तक घ्यावं आणि न शिकवलेला एक उतारा मोठ्यानं वाचायला सांगावा. पाठ झालेला धडा चालणार नाही, कारण पुष्कळ मुलं आठवणीतून वाचतात आणि बोट भलत्याच ओळीवर असतं. मग एक गणित. ‘एका गाडीत 18 पोती, तर 6 गाड्यांत किती?’ हे त्याला वाचायला द्यावं. अडला तर तेच उदाहरण आपण वाचून दाखवावं. ऐकल्यावर त्यानं 108 सांगितलं, तर गणित पक्कं आहे आणि वाचन कच्चं. ऐकूनही गुणाकार सुचला नाही, तर मात्र गणिताकडे वळावं. अक्षर ओळखता येतं पण जोडाक्षरावर थांबतो, की प्रत्येक शब्द फोडून वाचतो आणि वाक्याचा अर्थ सुटतो, हेही याच वेळी कळतं. शाळेत जाताना हे सांगितलं तर शिक्षकांनाही नेमकं बोलता येतं.

पुन्हा तेच सांगणं, कारण घाईत निसटतं ते हेच : ‘सुधारणा आवश्यक’ ही चौकट एकटी वाचू नका. तिन्ही वाचा, आणि मागच्या सत्राची काढून शेजारी ठेवा. तीच ओळ पुन्हा आली असेल तर ती किरकोळ राहिलेली नाही.

‘फळ्यावरचे उतरवताना चुका होतात’ ही दुसरी फसवी नोंद. घरी तिचा अर्थ धांदरटपणा असा होतो. मूल वहीतलं नीट उतरवतं आणि फळ्यावरचंच चुकतं, तर आधी डोळे तपासायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, पण त्या दिवशी मूल गैरहजर असलं तर तपासणी राहून जाते. ‘सूचना पुन्हा द्याव्या लागतात’ असं असेल तर कान. आणि ‘अवधान वाढवणे गरजेचे’ असेल तर पत्रकावरच्या हजेरीच्या रकान्याकडेही बघावं : कामाचे दिवस किती, उपस्थित दिवस किती. तोडणीच्या हंगामात धाकट्याला सांभाळायला घरी राहिलेल्या पोरीचं अवधान कुठून वाढणार? हा विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्रच बोलावं लागेल.

एक मात्र वेळ संपायच्या आत. शिक्षक कधी कधी छापील पुस्तिकेतल्या तयार नोंदीही उतरवतात, तेव्हा प्रत्येक शब्दात गूढ अर्थ शोधत बसू नये. ओळखायचं कसं, तर शिक्षकांना एकच विचारावं : ‘सर, हे कशावरून लिहिलं?’ नोंद खरी असेल तर ते वही काढतात, पान दाखवतात. पान निघालं नाही तर त्यांनाही मुलाकडे पुन्हा बघावंसं वाटतं. रागानं विचारायचं नाही. चौथीच्या पालकांनी तर हे लगेच विचारावं. 2023 च्या बदलानंतर पाचवीला वार्षिक परीक्षा आहे, प्रत्येक विषयाला 50 पैकी निदान 18 गुण हवेत, आणि पुनर्परीक्षेतही ते मिळाले नाहीत तर मूल त्याच वर्गात राहतं. वर सांगितलेला तो ब-2 वाला मुलगा जूनमध्ये पाचवीत जाईल. दिवाळीपासून तोवर हातात सातेक महिने आहेत, रोज एक उतारा मोठ्यानं वाचून घ्यायला.