पावतीवरचे तीन आकडे

मंडळी, आज आम्ही तुम्हांला एका घरची गोष्ट सांगणार आहोत. घर रत्नागिरी जिल्ह्यातले. घरधन्याला आपण दत्ताराम म्हणू. तो सौदी अरेबियात दम्माम शहरी वायरमन आहे. पगार महिना १८०० रियाल. त्यातले १२०० रियाल तो दर महिन्याला घरी पाठवी.

एका वर्षी काय झाले, पैसे कमी कमी येऊ लागले. बायकोने, सुलोचनेने, फोनवर विचारले. तो म्हणाला, "अगं, रियालचा भाव पडलाय." तिला ते खरे वाटले. तिने सासूची औषधे अर्धीच आणली. चौथ्या महिन्याला मात्र पोराची फी राहिली. तेव्हा ती आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, भाव एवढा पडतो का हो?"

आम्ही म्हटले, "पैशाच्या पावत्या दाखव." दत्ताराम त्यांचे फोटो मोबाईलवर पाठवीत असे. अशा पावतीवर तीन आकडे पाहावेत. भरलेले रियाल, एका रियालचा भाव आणि घरी मिळणारे रुपये. सुलोचना घरी फक्त रुपयांचा आकडा पाही. त्या दिवशी तिने तिन्ही आकडे वाचले. भाव चारही महिने जवळजवळ तोच होता. रियाल मात्र घटत गेले होते. आधी १०००, मग ९००, मग ७००, शेवटी ४००.

रात्री तिने फोन केला. भांडली नाही. एवढेच म्हणाली, "अहो, भाव तोच आहे. रियाल कमी आहेत. आजारी आहात का? काय असेल ते सांगा." पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग दत्ताराम रडू लागला.

खोलीतल्या एका सोबत्याने त्याला मोबाईलवर क्रिकेटचा सट्टा दाखवला होता. कोणा अनोळखी दलालाने त्याला खेळण्यासाठी आयडी दिला. पहिल्या दिवशी ५० रियाल लावले, ९५ मिळाले. ते हातातही आले. हेच आमिष! पुढे तो हरू लागला. गेलेले परत मिळवायचे म्हणून दर वेळी दुप्पट लावू लागला. १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०. सहा वेळा ओळीने हरला आणि एका रात्रीत ६३० रियाल गेले. म्हणजे पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त!

तुम्ही म्हणाल, नशीब वाईट. तसे नव्हे, मंडळी. हिशेब करून पाहा. दोन संघ सारख्या ताकदीचे आहेत. एकाने या संघावर १०० लावले, दुसऱ्याने त्या संघावर १०० लावले. सट्टेवाल्याकडे जमले २००. जो जिंकला त्याला तो देतो १९०. उरलेले १० त्याचे. कोणताही संघ जिंको, सट्टेवाला जिंकतोच. खेळणारा एखादा दिवस जिंकेल. पण जितका जास्त खेळेल, तितका तोट्यात जाईल.

चार महिन्यांत घरी १८०० रियाल कमी आले. शिवाय सोबत्यांचे ९०० रियाल कर्ज झाले. एकूण २७०० गेले. ते परत येणार नव्हते. सौदी अरेबियात जुगाराला कायद्याने बंदी आहे, मग तक्रार कोणाकडे करणार? लाज आणि भीती यांपायी त्याने घरीही सांगितले नाही. आपल्याकडेही संसदेने २०२५ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आहे.

मग दोघांनी ठरवले. आयडी बंद, दलालाचा नंबर बंद. पगार हाती आला की त्याच दिवशी आधी घरचे पैसे पाठवायचे. सट्टा खेळायला हातात पैसाच उरू द्यायचा नाही. दर महिन्याला १५० रियाल कर्जात द्यायचे. तेवढे दिवस घरी १०५० येतील. सहा महिन्यांत ९०० फिटले.

एकदा मध्येच त्याचे मन पुन्हा ओढ घेऊ लागले. पण या वेळी त्याने लपवले नाही, बायकोला फोन केला. हा नाद एका दिवसात सुटत नाही, हे ध्यानात ठेवा. तुमच्या घरी असे कोणी असेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. तिथे मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

सुलोचना आता एक वही ठेवते. महिना, रियाल, भाव, रुपये असे चार रकाने तिने आखले आहेत. पावती आली की ती आकडे लिहिते आणि वहीच्या पानाचा फोटो दत्तारामला पाठवते. गेल्या खेपेस तो सुटीवर आला, तेव्हा आधी त्याने ती वही मागितली. शेवटच्या ओळीत पुन्हा १२०० रियाल होते.