तीन स्ट्रिप, औषध एकच

पॅरासिटामॉलची नकळत जादा मात्रा बहुधा एकाच औषधाच्या तीन नावांमुळे जाते. पेणकरपाड्यासारख्या कामगार वस्तीत नेहमी घडू शकणारे एक उदाहरण घेता येईल. 50 किलो वजनाचा माणूस तापाने आजारी आहे. तो मेडिकलमधून आणलेली 650 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेतो, म्हणजे 2600 मिलिग्रॅम. नाक वाहते म्हणून 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी तीनदा घेतो. अंगदुखीच्या गोळीत अॅसिक्लोफिनॅकबरोबर 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, ती दोनदा होते. एकूण बेरीज 4750 मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढाचीही दिवसाची कमाल मर्यादा 4000 आहे, आणि हा माणूस दोन दिवस जेवलेलाही नाही.

ही उपासमार दुर्लक्षिण्यासारखी नाही. यकृत बहुतेक औषध निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. थोड्या भागाचे मात्र विषारी द्रव्य बनते आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ते निकामी करतो. औषध जास्त झाले की हा साठा संपतो. उपाशी माणसात तो आधीच कमी असतो. मग विष यकृताच्या पेशींनाच चिकटते आणि त्या मरू लागतात. नियमित दारू पिणाऱ्यांनाही हा धोका अधिक, म्हणून कमी वजनाच्या, उपाशी किंवा यकृताचा आजार असलेल्या व्यक्तींसाठी डॉक्टर मर्यादा आणखी खाली आणतात. मुलांना वजनाप्रमाणे, एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम दिले जाते, आणि दोन मात्रांमध्ये किमान चार तास हवेत. लहानग्यांचे थेंबांचे औषध सिरपपेक्षा बरेच तीव्र असते. ते चमच्याने मोजले की मात्रा कित्येक पटींनी वाढते.

फसवी गोष्ट ही की पहिल्या दिवशी मळमळ आणि उलटीपलीकडे काही दिसत नाही, कधी तेही नाही. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, पण उजव्या बरगडीखाली दुखू लागते आणि रक्तातली यकृताची द्रव्ये वाढतात. कावीळ, रक्तस्राव, गुंगी यांना तिसरा-चौथा दिवस लागतो. तोवर थांबणे घातक ठरते.

उतारा आहे: एन-अॅसिटिलसिस्टीन. तो ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरतो. मात्रा पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत दिल्यास यकृत जवळजवळ नेहमी वाचते. उशिरा दिला तरी उपयोग होतो. एकदम घेतलेल्या मात्रेत चार तासांनंतर रक्तातली पातळी मोजून आणि ती तक्त्याशी ताडून उपचार ठरतो. वरच्या उदाहरणासारख्या, दिवसभर थोड्या थोड्या घेतलेल्या मात्रेला तो तक्ता लागू पडत नाही. तिथे पातळीसोबत यकृताच्या चाचण्याही पाहतात. 24 तासांत किलोमागे 75 मिलिग्रॅमपेक्षा जास्त गेले असेल तर त्रास नसतानाही तपासणी करून घ्यावी. या माणसाचा आकडा 95 येतो.

घरी मीठपाणी देऊन उलटी करवू नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे, आणि सगळ्या स्ट्रिप, रिकाम्याही, सोबत घ्याव्यात.