एक जिना बंद आहे असे समजा

२१ जून २०१२ रोजी दुपारी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली. ती वरच्या मजल्यांवर चढली आणि पाच माणसे गेली. तेव्हापासून कुठल्याही उंच कचेरीत गेलो की मी आधी दुसरा जिना शोधतो.

आगीला तीन गोष्टी लागतात: इंधन, प्राणवायू आणि उष्णता. हाच अग्नित्रिकोण. एक बाजू काढली की आग विझते. भिंतीवरच्या लाल सिलिंडरवर अक्षरे असतात, ती कुठल्या आगीसाठी ते सांगतात. ए म्हणजे कागद-लाकूड, बी म्हणजे पेट्रोल-थिनरसारखे द्रव, सी म्हणजे गॅस. विजेच्या बोर्डाला कार्बन डायऑक्साइड चालतो. तो प्राणवायू हटवतो, पण गारवा फारसा देत नाही. म्हणून फायलींच्या गठ्ठ्यावर तो मारला, तर ज्वाळा बसते आणि आतली धग पुन्हा पेटते. तिथे पाणीच हवे, पण आधी मेन स्विच बंद करून. शिवाय हातातले सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामे होते. पेटलेली कचऱ्याची टोपली त्याने विझेल, पेटलेली खोली नाही. खोली पेटली, तर दार ओढून घ्यावे आणि निघावे.

निघायचे कसे, हे सरावातच ठरते. समजा, आठ मजल्यांची कचेरी आहे, मजल्यावर पन्नास, म्हणजे चारशे माणसे. जिने दोन. ठोबळ मानाने एका जिन्यावरून मिनिटाला साठ माणसे उतरतात, म्हणजे साडेतीन मिनिटांत इमारत रिकामी. कागदावर छान! पण खऱ्या आगीत एका जिन्यात धूर भरतो. मग त्याच चारशे जणांना जवळजवळ सात मिनिटे लागतात. म्हणून सरावात न सांगता एका जिन्याच्या तोंडाशी ‘इथे धूर आहे’ अशी पाटी धरून माणूस उभा करावा. लोक परत फिरतात की त्याला बाजूला सारतात, हे तिथेच कळते.

आग चौथ्या मजल्यावर धरली, तर आधी चौथा आणि पाचवा उतरवावा, मग त्यांच्या वरचे. खालच्यांनी थोडे थांबावे, कारण धूर वर जातो आणि जिना भरला की वरचे अडकतात. लिफ्ट वापरायची नाही. जिन्याची दारे बंद राहिली पाहिजेत. शिपायाने वाऱ्यासाठी दाराला लावलेली वीट जिन्याचे धुरांडे करते. ज्यांना जिना उतरता येत नाही, त्यांच्यासाठी दोन-दोन सोबती आधीच नेमावेत.

खाली जमल्यावर प्रत्येक मजल्याच्या प्रमुखाने हजेरी घ्यावी. हजेरीपटावर पाहुणे, चहावाला, सफाईवाली नसतात. त्यांची नोंद दारावरच हवी. नाहीतर ‘आत कोणी आहे का?’ या जवानाच्या प्रश्नाला खात्रीचे उत्तर कोणापाशीच नसते.