गाठीच्या टाक्याचा दाणा
(संस्थेच्या शिवणवर्गातील भगिनींपुढे केलेले भाषण)



भरतकामावर बोला, अशी आपली आज्ञा झाली. एवढा मोठा विषय अर्ध्या तासात मावणार नाही. म्हणून मी एकच टाका निवडला आहे. आपण त्याला गाठीचा टाका म्हणतो आणि नमुन्याच्या पुस्तकांत त्याचे नाव ‘फ्रेंच नॉट’ असे असते. सुईला दोऱ्याचे वेढे द्यायचे, सुई कापडात घालून दोरा त्या वेढ्यांतून ओढून घ्यायचा, की वर एक गोल दाणा उरतो. सांगायला कृती एवढीच. पण चोवीस दाणे एकसारखे घालून दाखवा म्हटले, की चांगल्या चांगल्या हातांची परीक्षा होते.

माझ्या वर्गातील एका मुलीची हकीकत सांगते. मुलगी बेळगावकडची, आणि घरात कसुतीचे काम चालत आलेले. तिचा हात इतका सफाईदार, की मला तिला शिकवण्यासारखे थोडेच होते. बहिणीच्या बाळासाठी तिने मऊ सुती कापडाची कुंची शिवली आणि कडेने गाठीच्या टाक्याचे चोवीस दाणे भरले. कुंची सुंदर दिसत होती. बारशानंतर पहिल्यांदा धुतली, तेव्हा नऊ दाणे नाहीसे झाले होते. ते तुटले नव्हते. कापडाच्या आत ओढले गेले होते आणि उलट्या बाजूला त्यांची वेटोळी लोंबत होती. बाळाची बोटे त्यांत अडकतील, म्हणून तिच्या बहिणीने ती कुंची बाजूला ठेवली. मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. “बाई, मी तर एक धागासुद्धा चुकले नाही,” असे ती म्हणाली.

ते खरेच होते, आणि चूक नेमकी तिथेच होती. कसुतीतील गवंती टाक्यात धावदोरा एकदा पुढे जातो आणि परत येताना त्याच छिद्रांतून मधल्या जागा भरून काढतो. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात, म्हणून त्या कामात गाठ वर्ज्य असते. लहानपणापासून तिच्या हाताला जुन्या छिद्रात अचूक परतण्याची सवय लागलेली होती. गाठीच्या टाक्यातही ती सुई जिथून वर आली तिथेच परत घालत होती. पण या दाण्याला खाली आधार हवा असतो. दोरा ज्या छिद्रातून वर आला आणि ज्यातून खाली गेला, त्या दोहोंमध्ये कापडाचे एकदोन धागे राहिले, तर दाणा त्यांवर बसतो. छिद्र एकच असेल, तर त्याला अडवायला काहीच नाही. दोरा जरा ओढला गेला, की दाणा त्याच वाटेने खाली जातो.

आता कृती नीट सांगते. कापड रिंगमध्ये ताणून बसवा, कारण या टाक्याला दोन्ही हात मोकळे लागतात. रिंग मांडीवर किंवा टेबलाच्या कडेला टेकवा. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, नाहीतर तो पिळवटतो आणि दाणे वाकडे येतात. पिळवटलाच, तर सुई लोंबती सोडा, म्हणजे पीळ आपोआप उलगडतो. सुई अशी निवडा, की तिचे नेढे दांड्यापेक्षा फारसे जाड नसेल. जाड नेढ्याची सुई वेढ्यांतून जाताना अडते, आपण जोर करतो आणि दाणा बिघडतो.

सुई खालून वर काढा. कापडापासून सुमारे दोन बोटांवर दोरा डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरा. उजव्या हातातील सुई त्यावर ठेवून डाव्या हाताने दोऱ्याचे दोन वेढे सुईभोवती द्या. दिशा प्रत्येक दाण्याला तीच ठेवा. वेढे सुईला चिकटून असावेत, पण नखाने सरकवता येतील इतपतच घट्ट. मग सुईचे टोक पहिल्या छिद्रापासून एकदोन धागे सोडून टोचा आणि तिथेच थांबा. सुई उभी करा, डाव्या हाताने दोरा हलकेच ओढा, म्हणजे वेढे सरकून कापडाला टेकतील. टेकले, की मगच सुई खाली ओढून घ्या. शेवटची दोन बोटे दोरा उरेपर्यंत डाव्या हाताने ताण सोडू नका. दाण्याची गोलाई उजव्या हाताच्या ओढण्यात नसून डाव्या हाताच्या धरण्यात आहे. ताण आधीच सुटला, तर दाण्याच्या बाजूला कानासारखा फास राहतो. वेढे कापडाला न टेकवता सुई ओढली, तर दाणा देठावर डोलत राहतो.

दुसरी चूक मोठा दाणा हवा असला की होते. आपण वेढे वाढवतो, चार किंवा पाच. पण जास्त वेढ्यांची गाठ गोल राहत नाही, एका बाजूला लवंडते. मोठा दाणा हवा असेल, तर दोऱ्याचे पदर वाढवा, वेढे एक किंवा दोनच ठेवा. सहा पदरी लडीतील दोन पदर घेऊन मोहरीएवढा दाणा येत असेल, तर तीन किंवा चार पदरांनी तो आपोआप वाढेल. लखनौच्या चिकनकामात हा भेद स्पष्ट दिसतो. तिथे बाजरीच्या दाण्यासारखी बारीक गोल गाठ म्हणजे फंदा, आणि तांदळासारखा लांबट दाणा म्हणजे मुर्री. लांबट दाणा हवा असेल तर तो मुद्दाम घालावा. गोल घालताना चुकून आलेला लांबट दाणा ही मुर्री नव्हे.

त्या मुलीने कुंचीचे सगळे दाणे उसवले आणि पुन्हा आखले. या वेळी प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने एका ऐवजी दोन बारीक ठिपके दिले, दोन धाग्यांच्या अंतराने. एक वर येण्याचा, दुसरा खाली जाण्याचा. सवयीच्या हाताला डोळ्याने आवर घालायला एवढी युक्ती पुरली. कापड विरळ विणीचे होते, म्हणून आतून मलमलीची पट्टी लावली. दाणे एकमेकांपासून दूर होते, तेव्हा उलट बाजूने दोरा एकाहून दुसऱ्याकडे नेला नाही. प्रत्येक दाण्यामागे दोन बारीक टाके घालून दोरा संपवला, कारण नुसते टोक कापले तर ते सुटून दाणा सैल होतो.

मग आम्ही दोघींनी तीन गोष्टी पाहिल्या. अंगठा दाण्यांवरून फिरवला, एकही हलला नाही. कापड डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिले, सगळे एकाच उंचीचे होते. उलट बाजूला प्रत्येक दाण्याखाली बारीक पक्के टाके होते, वेटोळे कुठे नव्हते. त्यानंतर कुंची धुतली, जाड टॉवेलवर पालथी घालून उलट बाजूने इस्त्री केली, म्हणजे दाणे चेपत नाहीत. चोवीसचे चोवीस जागेवर राहिले.

ज्या सफाईने तिची कसुती नावाजली गेली, त्याच सफाईने इथे घात केला होता. तेव्हा घरी जाऊन चिंधीवर दहा दाणे घाला आणि धुऊन पाहा. जो दाणा नाहीसा होईल, त्याची उलट बाजू आधी तपासा.